पाटीची कड आणि कटरचा मार्ग

दुकानाची पाटी 12 मिमी जाडीच्या प्लायवूडमधून कापायची आहे. लांबी 600 मिमी, उंची 300 मिमी, चारही कोपरे 40 मिमी त्रिज्येचे गोल. सीएनसी राउटरमध्ये 6 मिमी व्यासाचा कटर बसवला आहे. यंत्र प्रत्यक्षात कटरचा मध्यबिंदू चालवते. तो बिंदू रेखाटनातल्या रेषेवरूनच नेला, तर कटर दोन्ही बाजूंनी 3 मिमी खाईल आणि पाटी 594 × 294 मिमीची निघेल. म्हणून मध्यबिंदू कडेपासून 3 मिमी बाहेरून न्यावा लागतो. हा मार्ग 606 × 306 मिमीचा होतो आणि त्याच्या कोपऱ्यांची त्रिज्या 43 मिमी असते. याला कटर कॉम्पेन्सेशन म्हणतात.

हे अंतर राखण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत संगणकावरचे सॉफ्टवेअरच मार्ग सरकवून देते. दुसरीत प्रोग्राममध्ये पाटीची खरी मापे राहतात आणि यंत्राचा कंट्रोलर कटरच्या मापानुसार मार्ग सरकवतो. G41 म्हणजे चालण्याच्या दिशेच्या डावीकडे, G42 म्हणजे उजवीकडे आणि G40 म्हणजे भरपाई बंद. सगळ्या कंट्रोलरना हे जमत नाही. लहान राउटरवर सर्रास आढळणाऱ्या GRBL मध्ये ही सोय नाही, तिथे पहिली रीतच वापरावी लागते.

दुसऱ्या रीतीचा खरा फायदा कटर झिजल्यावर कळतो. धार लावून आणलेला कटर 5.9 मिमीचा भरला आणि कोष्टकात त्रिज्या 3.00 तशीच राहिली, तर पाटी दोन्ही मापांत 0.1 मिमी मोठी येते. त्रिज्या 2.95 केली की तोच प्रोग्राम बरोबर माप देतो. मात्र काही कंट्रोलर कोष्टकात त्रिज्या मागतात, काही व्यास. ही चूक झाली तर पाटी वाया जाते. म्हणून नवा कटर लावल्यावर उरल्यासुरल्या तुकड्यातून 50 मिमीचा चौकोन कापून कॅलिपरने मोजणे शहाणपणाचे.

कटर थेट पाटीच्या कडेवर खाली उतरवला, तर त्या जागी खाच किंवा जळका डाग राहतो. शिवाय G41 सुरू होताना कटर आडवा सरकतो, आणि ते सरकणे कडेवर दिसता कामा नये. म्हणून कटर बाहेरच्या टाकाऊ भागात उतरतो, सरळ रेषेत चालताना भरपाई सुरू होते आणि मग तो पाव वर्तुळाने कडेला अलगद लागतो. या प्रवेशमार्गाला लीड-इन म्हणतात. पाटीचा डावा खालचा कोपरा शून्य धरला, तर डाव्या कडेच्या मध्यावरचा प्रवेश असा लिहिता येतो:

```
G0 X-30 Y140
G1 Z-4 F300
G41 D1 G1 X-10 Y140 F2000
G3 X0 Y150 I0 J10
G1 Y260
G2 X40 Y300 I40 J0
```

इथे 20 मिमीची सरळ रेषा G41 साठी आहे. ती कटरच्या त्रिज्येहून लांब हवी. पुढचे पाव वर्तुळही त्रिज्येहून मोठे हवे, नाहीतर कंट्रोलर चूक दाखवून थांबतो. या प्रोग्राममध्ये कटर पाटीभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो.

काप तीन फेऱ्यांत होतो: 4, 8 आणि 12.2 मिमी खोल. शेवटचे 0.2 मिमी खाली अंथरलेल्या बदली फळीत जातात. अडचण येते ती या तिसऱ्या फेरीतच. पाटी सुटी होत आली की हलते, कटर तिला ओढतो आणि कडेला खड्डा पडतो. यावर उपाय टॅबचा: ठरावीक जागी कटर वर उचलून प्लायवूडचा छोटा पूल शिल्लक ठेवायचा. इथे कटर Z-10 वर उचलला की 2 मिमी जाडीचा पूल उरतो.

लांबीचा हिशेब मात्र नवख्याला हमखास चुकवतो. कटर 8 मिमी अंतरभर उचलला, तरी तो दोन्ही टोकांकडून 3-3 मिमी खातो आणि चरीच्या मधोमध फक्त 2 मिमी रुंदीचा पूल राहतो. तो काप चालू असतानाच तुटतो. 8 मिमीचा पूल हवा तर उचल 14 मिमी हवी. काही सॉफ्टवेअर हा फरक स्वतः जमेस धरतात, काही नाही, म्हणून पडद्यावरच्या चित्रात तपासून घ्यावे. या पाटीला लांब कडांवर दोन-दोन असे चार टॅब पुरतात. ते सरळ भागात ठेवावेत, कारण गोल कोपऱ्यावरचा खुंट घासून जुळवणे कठीण असते. प्रवेशाच्या जागेपासूनही ते दूर असावेत.

पाटी टांगायची भोके असतील तर ती बाहेरच्या कडेआधी कापावीत, पत्रा अजून अखंड असताना. काप संपल्यावर टॅब हाताने मोडू नयेत, प्लायवूडचे पापुद्रे सोबत निघतात. बारीक करवतीने ते कापून उरलेला खुंट पटाशीने आणि सँडपेपरने कडेशी सपाट करावा.