सुरकुतीत तुटणारी चौकडी

निळ्या-पांढऱ्या चौकडीच्या शर्टाचा एकच फोटो काढायचा आणि त्यावरूनच मरून शर्ट दाखवायचा, हे कॅटलॉगचं नेहमीचं काम. छातीवर ते सहज जमतं. कोपराच्या चुण्यांत मात्र पांढरे चौकोन लालसर होतात, नाहीतर निळ्याचे ठिपके तसेच राहतात.

याचं मूळ विणीत आहे. उभा-आडवा दोन्ही धागे निळे तिथे गडद चौकोन, एक निळा आणि एक पांढरा तिथे फिकट, दोन्ही पांढरे तिथे पांढरा. सुरकुतीच्या सावलीतला पांढरा चौकोन उजेडातल्या फिकट निळ्याइतकाच काळपट दिसू शकतो. म्हणून गडद-फिकट पाहून निळा भाग निवडायला गेलं, की दोन्ही एकत्र उचलले जातात. निवड रंगावरूनच करायला हवी.

फोटोशॉपमध्ये त्यासाठी फोटोची प्रत Lab Color मोडमध्ये न्यावी. इथे उजेड L चॅनेलमध्ये असतो आणि रंग a व b मध्ये. b चॅनेलमध्ये निळं गडद दिसतं. पांढरं कापड मात्र सावलीतही जवळपास मधल्या राखाडी छटेवर राहतं. या चॅनेलची प्रत काढून ती Ctrl+I ने उलटवावी आणि Levels ने ताणावी. ताणताना नजर छातीवर नको, सर्वांत खोल चुणीतल्या फिकट चौकोनावर हवी, कारण सावलीत रंगही क्षीण होतो. तो चौकोन मास्कमध्ये पूर्ण पांढरा झालाच पाहिजे. राखाडी राहिला, तर अर्धा निळा आणि अर्धा मरून मिसळून तिथे जांभळट डाग येतो. त्याचा फिकटपणा मास्कने राखायची गरजच नाही. तो मूळ फोटोत आहेच. उलट जास्त ताणलं, तर खिडकीच्या उजेडाने निळसर झालेली पांढऱ्यावरची सावलीही आत येते आणि लालसर होते.

मग फोटो परत RGB मध्ये आणावा, तो चॅनेल निवड म्हणून उघडावा आणि Hue/Saturation लेअर लावून Hue साधारण +125 करावा. मरून फार उजळ वाटला, तर Lightness ओढू नये. चुण्यांमधला उजेड-सावलीचा फरक त्याने दबतो. त्याच मास्कचा Curves लेअर घ्यावा.

तपासणी २०० टक्के मोठं करून होते. एक पट्टी छातीवरून धरून चुणीत आणि पलीकडे डोळ्याने न्यायची. रंग कुठेही बदलता कामा नये.

बारीक रेघांच्या शर्टात मात्र मूळ फाइलच आड येते. बऱ्याच जेपेग फोटोंत रंगाची माहिती उजेडाच्या चौथ्या हिश्श्याइतक्याच बिंदूंची साठवलेली असते. त्यामुळे एक-दोन पिक्सेल रुंदीच्या रेघेचा रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरलेलाच असतो आणि कितीही नेटका मास्क केला तरी कडेला निळी झाक उरते. अशा शर्टासाठी रॉ फाइल मागून घ्यावी, किंवा फोटो जवळून पुन्हा काढावा.