काठी सांगते तळे कुठे गळते

ऑक्टोबरअखेर काठोकाठ भरलेले शेततळे जानेवारीत तळ दाखवू लागले की पहिला संशय उन्हावर जातो. खरे तर थंडीच्या दिवसांत ऊन इतके पाणी नेत नाही. बहुतेक पाणी खाली आणि बाजूंनी जमिनीत निघून जाते. हा पाझर थांबवण्याचे दोन मार्ग आपल्याकडे रुळले आहेत. एक म्हणजे चिकणमातीचा दाबलेला थर, दुसरा प्लास्टिकचे अस्तर, ज्याला शेतकरी सरळ ‘कागद’ म्हणतात. दोन्हींवर बराच पैसा जातो. म्हणून आधी तळे किती गळते आणि कुठून गळते, हे मोजायला हवे. त्यासाठी एक काठी आणि एक बादली पुरते.

मिलिमीटरच्या खुणा केलेली काठी तळ्यात अशा जागी पक्की रोवा की लाटेने हलणार नाही. शेजारी एक बादली अर्धी पाण्यात बुडेल अशी दगडावर ठेवा आणि तिच्यात तळ्याचेच पाणी भरा. बादली पाण्यातच असल्याने तिच्यातले पाणी तळ्याइतकेच तापते किंवा गार होते, म्हणून तिच्यातून जेवढे घटते तेवढीच साधारण तळ्याची वाफ होते. पाऊस नसेल, मोटर बंद असेल आणि तळ्यात कुठून पाणी येत नसेल, असे पाच दिवस निवडा. समजा या पाच दिवसांत तळे १९० मिलिमीटर उतरले आणि बादली ३०. म्हणजे पाझर १६० मिलिमीटर झाला, दिवसाला ३२. तळे ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असेल, तर भरलेल्या तळ्यातून रोज सुमारे २८ ते २९ हजार लिटर पाणी जमिनीत जाते. दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. वाफ धरून तळे रोज ३८ मिलिमीटर उतरत असेल, तर तीन मीटरचे पाणी जेमतेम अडीच-तीन महिने पुरेल, तेही पिकाला थेंब न देता.

काठी आणखी एक गोष्ट सांगते. पाणी रोज चार बोटे उतरत होते आणि एका ठरावीक खुणेपाशी येऊन एकदम मंदावले, तर मोठी गळती त्या खुणेच्या वर आहे. आपल्याकडे बेसाल्टच्या मुलखात हे वारंवार दिसते. वर मीटरभर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला खडक, अशी रचना असते. काळी माती पाणी धरते, मुरूम सोडतो. कधी तळ घट्ट असतो आणि बाजूच्या एकाच पट्ट्यातून पाणी जाते. कधी खोदलेला मुरूम काठावर टाकून केलेला भराव नीट दाबलेला नसतो आणि सगळी गळती तिथेच असते. असा दोष सापडला, तर सगळ्या तळ्याला अस्तर लावण्याऐवजी तेवढा भाग दुरुस्त करून भागते.

आता चिकणमातीचा विचार करू. १८५६ साली फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम मांडताना हेन्री दार्सी या अभियंत्याने वाळूतून पाणी किती वेगाने जाते याचा नियम दिला, तो इथेही लागू पडतो. वरच्या पाण्याची उंची जितकी जास्त, तितका पाझर जास्त, आणि थर जितका जाड, तितका पाझर कमी. तीन मीटर पाण्याखाली ३० सेंटीमीटरचा थर असेल तर पाण्याला खाली ढकलणारा जोर ११ पट येतो. थर ६० सेंटीमीटर केला तर तो ६ पट राहतो, म्हणजे पाझर जवळजवळ निम्मा. पण जाडीपेक्षा कितीतरी मोठा फरक माती किती घट्ट दाबली यातून पडतो. तीच माती सैल टाकली तर ढेकळांमधल्या फटींतून पाणी वाहते. योग्य ओलीवर दाबली तर त्या फटीच उरत नाहीत, आणि पाझर दहापट, कधी शंभरपटही घटतो.

माती कोणती घ्यायची ते हातानेच कळते. ओली करून मळलेल्या मातीची पेन्सिलसारखी वळी करा. ती न तुटता वळली, बारीक होत गेली आणि हाताला चिकट लागली, तर तिच्यात चिकणमाती पुरेशी आहे. गावतळ्यातला किंवा धरणातला गाळ पुष्कळदा या कसोटीला उतरतो, पण प्रत्येक गाळ उतरतो असे नाही. काही गाळात बारीक रेतीच जास्त असते आणि त्याची वळी मध्येच तुटते. निव्वळ काळ्या मातीचाही एक मोठा दोष आहे. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात रिकाम्या तळ्याच्या तळाला भेगा पडल्या, तर पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट मुरमात जाते. म्हणून काळ्या मातीत थोडा बारीक मुरूम मिसळतात. त्यामुळे आकुंचन कमी होते. शिवाय थर पूर्ण झाल्यावर त्यावर १५-२० सेंटीमीटर साधी माती पसरतात. ती ऊन, जनावरांचे खूर आणि गाळ काढताना लागणारे फावडे यांपासून खालच्या थराचे रक्षण करते.

कामाची रीत अशी. तळ आणि उतार साफ करून मुळे, दगड काढायचे. मूळ जमीन थोडी उकरून ओली करायची, म्हणजे नवा थर तिला धरतो. मग १५ सेंटीमीटर सैल माती पसरायची, ढेकळे फोडायची, पाणी शिंपडून वापशाला आणायची आणि रोलरने दाबून सुमारे १० सेंटीमीटर करायची. पुढचा थर टाकण्याआधी खालच्या थराचा पृष्ठभाग पुन्हा खरवडायचा, नाहीतर दोन थरांच्या मधून पाणी आडवे पळते. असे किमान तीन थर हवेत. दाबलेल्या मातीत लोखंडी सळई हाताच्या जोराने सहज घुसली, तर काम कच्चे आहे. माती रोलरला चिकटून वर येत असेल तर ती जास्त ओली आहे, आणि धूळ उडून ढेकळे तशीच राहत असतील तर कोरडी.

मातीच्या अस्तराची खरी अडचण उतारात आहे. आपली बहुतेक शेततळी जितकी खोल तितकीच बाजूला आत सरकत जातात, म्हणजे उतार १:१ असतो. इतक्या तीव्र उतारावर रोलर चालत नाही आणि हाताच्या धुमसाने एवढी माती दाबून होत नाही. मातीला निदान १:२ उतार लागतो. हिशेब केला तर ३० बाय ३० मीटरच्या, तीन मीटर खोल तळ्यात १:१ उताराने सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावते. १:२ केल्यावर तळ १८ बाय १८ मीटरच उरतो आणि पाणी १७.६ लाख लिटरवर येते. म्हणजे सुमारे एक-पंचमांश साठा गेला. शिवाय साडेनऊशे चौरस मीटरवर ३० सेंटीमीटरचा थर म्हणजे दाबलेली माती सुमारे शंभर ब्रास, आणि सैल आणायची म्हणजे सव्वाशे ते दीडशे ब्रास. तो थरही तळ्यातलीच जागा खातो, म्हणून तितके खोदकाम वाढवावे लागते. चांगली माती जवळ असेल आणि तळे नव्याने खोदायचे असेल, तर हा मार्ग स्वस्त पडतो. माती लांबून आणायची असेल किंवा तळे आधीच उभ्या उताराचे असेल, तर हिशेब कागदाकडे झुकतो.

कागदाला उभा उतार चालतो. आपल्याकडे ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा एचडीपीई कागद रूढ आहे. तो तळ्याच्या तोंडाएवढा घेऊन भागत नाही. वरच्याच तळ्यात तळ २४ मीटर आणि दोन्ही उतार सव्वाचार-सव्वाचार मीटरचे, म्हणजे एका दिशेने साडेबत्तीस मीटर लांबी झाली. काठावरच्या चरात गाडण्यासाठी प्रत्येक बाजूला सव्वा मीटर जास्त धरला, तर ३५ बाय ३५ मीटर, म्हणजे १,२२५ चौरस मीटर कागद लागतो. कोणी ९०० चौरस मीटरवर दर सांगत असेल, तर तो हिशेब अपुरा आहे.

कागदाचा खरा शत्रू त्याच्या खालीच असतो. एक टोकदार खडा वरच्या तीन मीटर पाण्याच्या भाराने कागदातून आरपार जातो. म्हणून खोदकाम झाल्यावर उतार सपाट करून, खडे वेचून, चाळलेल्या मातीचा किंवा वाळूचा ५-१० सेंटीमीटर थर द्यावा. कागद सकाळी गारव्यात अंथरावा आणि ताणून बसवू नये. दुपारी तो उन्हाने पसरतो, रात्री आकसतो, आणि ताणलेला असेल तर जोडावर फाटतो. जोड गरम यंत्राने दोन समांतर रेषांत करून घ्यावा. त्या दोन रेषांच्या मधल्या पोकळीत हवा भरून दाब टिकतो का, हे आपल्या समोर तपासून घ्यावे. पाणी सावकाश भरावे, म्हणजे कागद भाराने हळूहळू जागेवर बसतो आणि सुरकुत्या बाहेर सरकतात. मगच काठचा चर मातीने बुजवून दाबावा.

पुढची चूक म्हणजे तळे पूर्ण कोरडे करणे. रिकामा कागद वाऱ्याने फडफडतो. बाहेर पाऊस झाला आणि पाणी कागदाखाली शिरले, तर तो मधोमध फुगून वर येतो. तळात गुडघाभर पाणी कायम ठेवले तर दोन्ही टळते. भोवतीचे पाणी बाहेर वळवायला चर हवा. तारेचे कुंपण तर हवेच, कारण जनावराचा खूर कागद फाडतो आणि ओल्या कागदावर घसरून आत पडलेल्या माणसाला बाहेर येण्यासाठी पकडायला काहीच मिळत नाही. म्हणून चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर काठावर पक्के बांधून पाण्यापर्यंत सोडलेले असावेत.

कागद फाटला तरी काठीच उपयोगी पडते. पाणी रोज वाफेपेक्षा जास्त उतरते आणि एका खुणेला येऊन थांबते, तर छिद्र त्या उंचीवर आहे. त्या रेषेत काठाने फिरून पाहिले की बहुधा सापडते. एक सेंटीमीटरचे छिद्र किरकोळ समजू नका. खाली पाणी अडवणारे काही नसेल, तर तीन मीटर पाण्याखालच्या अशा छिद्रातून गणिताने दिवसाला तीस हजार लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते, म्हणजे अस्तर नसलेल्या तळ्याइतकेच. त्याखाली दाबलेली चिकणमाती असेल तर तेच छिद्र जेमतेम झिरपते. म्हणून ज्याला परवडेल त्याने कागदाखालचा थर चाळलेल्या मुरमाऐवजी चिकण मातीचा करावा आणि तो दाबून घ्यावा.

अस्तर वाफ थांबवत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत सरासरी सहा मिलिमीटरने दिवसाला धरले, तरी सव्वा मीटर पाणी उडून जाते. भरून ठेवलेल्या तळ्यातून हे दहा लाख लिटरच्या आसपास होते. तळ्यात पावसाचे वाहते पाणी साठवले असेल, तर उरलेला साठा हा नफाच. पण बोअरचे पाणी उपसून तळे भरले असेल, तर जे पाणी जमिनीखाली उन्हापासून सुरक्षित होते, त्याचा मोठा वाटा आपण स्वतःच वाफेला दिला. आणि पावसाळ्यातल्या खंडात एक-दोन पाणी देण्यापुरतेच तळे हवे असेल, तर त्याचा पाझर खालच्या विहिरीलाच मिळतो. ते तळे उघडेच राहू द्यावे. डाळिंब किंवा द्राक्षाला मेपर्यंत पाणी पुरवायचे असेल, तर मात्र पाच दिवस काठी लावून पाझर मोजावा, खूण कुठे थांबते ते पाहावे, आणि मग मातीची ट्रॉली मागवायची की कागदाचे माप द्यायचे ते ठरवावे.