एकशेवीस अंशांवरचं बेरियम टायटनेट

भौतिकशास्त्राच्या एमएस्सीला एक प्रयोग बऱ्याच ठिकाणी असतो. बेरियम टायटनेटची भाजलेली चकती घ्यायची, तिच्या दोन्ही तोंडांना चांदीची पेस्ट लावायची, ती छोट्या भट्टीत ठेवून एलसीआर मीटरला जोडायची आणि तापमान हळूहळू चढवत कपॅसिटन्स टिपत जायचा. समजा चकतीचा व्यास १० मिलिमीटर आणि जाडी १ मिलिमीटर आहे. तिच्या जागी नुसती पोकळी असती, तर मीटरने जेमतेम ०.७ पिकोफॅरड दाखवला असता. चकती मात्र खोलीच्या तापमानाला ११००च्या आसपास दाखवते, म्हणजे सुमारे १६०० पट. ही पट म्हणजे त्या पदार्थाची परमिटिव्हिटी. शंभर अंशांपर्यंत आकडा फारसा हलत नाही. मग तो भराभर चढतो, १२० अंश सेल्सिअसच्या आसपास ५००० पिकोफॅरडच्या घरात जातो आणि पुढे पुन्हा उतरतो.

हे कशामुळे होतं, ते स्फटिकाच्या आत पाहिलं की उलगडतं. १२० अंशांच्या वर स्फटिकाची घडण घनाकार असते. कोपऱ्यांवर बेरियम, बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजन आणि बरोबर केंद्रात टायटॅनियम. तापमान त्याखाली गेलं की हा घन एका दिशेने सुमारे एक टक्का लांबट होतो आणि टायटॅनियम केंद्रातून किंचित सरकतो. धन भार एकीकडे, ऋण भार दुसरीकडे. बाहेरून व्होल्टेज न लावताही स्फटिकाला विद्युत ध्रुवण मिळतं. एकाच अक्षापुरतं बोलायचं, तर टायटॅनियमला बसायला वर आणि खाली असे दोन खळगे आहेत आणि मध्ये एक उंचवटा आहे.

हिस्टेरेसिसचं वेटोळं येतं ते या उंचवट्यातून. चकतीला पुरेसं व्होल्टेज लावलं की बहुतेक ध्रुवण एका दिशेला वळतं. व्होल्टेज शून्यावर आणलं तरी त्यातलं बरंचसं तिथेच राहतं, कारण परत यायला उंचवटा ओलांडावा लागतो. ते पुसायला उलट व्होल्टेज लागतं, आणखी वाढवलं की ध्रुवण पूर्ण उलटतं. जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी, म्हणून आलेखावर बंद वेटोळं उमटतं. सगळे टायटॅनियम एकदम उडी मारतात असं मात्र नाही. एकाच दिशेच्या ध्रुवणाचे छोटे प्रदेश असतात, त्यांना डोमेन म्हणतात, आणि उलटताना या डोमेनच्या सीमा सरकत जातात. सगळ्यांना एकदम उलटवायचं तर कितीतरी जास्त व्होल्टेज लागलं असतं.

आता तापवा. उंचवटा बुटका होतो, खळगे उथळ होतात, वेटोळं आक्रसतं. १२०च्या जवळ तळ जवळजवळ सपाट झालेला असतो, त्यामुळे मीटरच्या एखाद्या व्होल्टच्या धक्क्यानेही टायटॅनियम एरवीपेक्षा बराच जास्त सरकतो. परमिटिव्हिटीचं शिखर ते हेच. त्याच्या पलीकडे केंद्रात एकच खळगा उरतो आणि तापमानाबरोबर तो अधिकाधिक ताठ होत जातो. उतरणीचा हिशोबही साधा आहे: दीड लाखाला ‘तापमान वजा ११०’ने भागायचं. १३० अंशांवर ७५००, १६० अंशांवर ३०००. सूत्रात ११० आहे, शिखर मात्र १२०ला. मधल्या दहा अंशांमुळेच परमिटिव्हिटी अनंताला पोचत नाही, कारण तळ पूर्ण सपाट होण्याआधीच स्फटिक घडण बदलून मोकळा होतो. तापवताना आणि थंड करताना शिखर काही अंश इकडेतिकडे दिसतं, तेही या अचानक बदलामुळेच.

प्रयोग फसतो तो बहुधा इलेक्ट्रोडपाशी. चांदीऐवजी धातूच्या पट्ट्या नुसत्या दाबून धरल्या, तर मध्ये हवेची फट राहते. १६०० परमिटिव्हिटीची मिलिमीटरभर चकती ही मिलिमीटरच्या सोळाशेव्या भागाएवढ्या हवेच्या बरोबरीची असते. म्हणजे ०.६ मायक्रॉनची फटसुद्धा मीटरचा आकडा निम्म्यावर आणते, आणि शिखर तर त्याहून जास्त चेपतं.

वेटोळ्याची फसगत वेगळी आहे. ज्या पदार्थातून वीज झिरपते, तोही फुगीर बंद वेटोळं दाखवतो. जे. एफ. स्कॉट यांनी २००८ मध्ये केळ्याच्या सालीला चांदीचे इलेक्ट्रोड लावून असं वेटोळं छापलं होतं. संशोधकांचे कान उपटायची याहून सभ्य रीत मला माहीत नाही. खऱ्या फेरोइलेक्ट्रिकच्या वेटोळ्याची टोकं निमुळती होऊन सरळ रेषेत जातात, कारण उलटायचं ते सगळं उलटून झालेलं असतं. गळणाऱ्या पदार्थाची टोकं गोलसर राहतात.

तापवून पाहणं ही आणखी पक्की परीक्षा, पण तिथेही बेरियम टायटनेट चकवतं. १२०च्या चारदोन अंश वर नेलं की वेटोळ्याची रेषा व्हायला हवी. मर्झ यांना १९५३ मध्ये एकसंध स्फटिकावर तिथे दोन वेटोळी दिसली: मध्ये रेषा आणि दोन्ही टोकांना एकेक चिमुकलं वेटोळं. जबर व्होल्टेज घनाकार स्फटिकाला तेवढ्यापुरतं पुन्हा लांबट करत होतं, आणि ते ओसरताच स्फटिक घनावर परतत होता.