तान्ह्या बाळाच्या लसी, ताप आणि डॉक्टरची निवड

बाळ घरी आल्यावर पहिल्या काही महिन्यांत डॉक्टरकडे जाण्याची कारणे मुख्यतः दोन असतात. एक म्हणजे ठरलेल्या तारखांना द्यायच्या लसी आणि दुसरे म्हणजे कधीही येणारा ताप. यांसाठी बालरोगतज्ज्ञ हवा की नेहमीचा फॅमिली डॉक्टर चालेल, हा प्रश्न बहुतेक घरांत पडतो. या दोन कामांना लागणारी तयारी वेगवेगळी असल्यामुळे त्याचे उत्तरही दोन भागांत द्यावे लागते. लस कोणी टोचली यापेक्षा ती कशी साठवली होती याला जास्त महत्त्व आहे. तापाच्या बाबतीत मात्र बाळाचे वय किती, यावरच सगळे अवलंबून असते.

राष्ट्रीय वेळापत्रकानुसार जन्मतः बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी या लसी दिल्या जातात. यांपैकी हिपॅटायटिस बीचा डोस पहिल्या 24 तासांत मिळायला हवा, कारण आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखायचा तर उशीर चालत नाही. पुढचा मोठा टप्पा सहाव्या आठवड्यात, म्हणजे दीड महिन्यांनी येतो. त्या दिवशी डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट आणि उजव्या मांडीत न्यूमोकोकल लस टोचतात, दंडावर इंजेक्शनच्या पोलिओचा छोटा डोस देतात, तर पोलिओ आणि रोटाव्हायरस या लसी तोंडावाटे पाजतात. दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात यांतल्याच लसींचे पुढचे डोस असतात. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. एखादी तारीख चुकली तर आधीचे डोस वाया जात नाहीत, राहिलेल्या डोसपासून पुढे सुरुवात करायची असते. साध्या सर्दीपडशासाठी लस पुढे ढकलण्याचे कारण नसते.

या लसी उपकेंद्रातील परिचारिका, फॅमिली डॉक्टर किंवा बालरोगतज्ज्ञ यांपैकी कोणीही प्रशिक्षित व्यक्ती देऊ शकते. जागा निवडताना मात्र काही गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट शीतसाखळी. लस सतत 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात राहायला हवी. उष्णतेने ती निकामी होते हे सर्वांना माहीत असते, पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी आणि न्यूमोकोकल या लसी गोठल्या तरीही निकामी होतात. म्हणून घरगुती फ्रीजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेल्या लसीवर विश्वास ठेवू नये. सरकारी पुरवठ्यातल्या कुपीवर एक वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लसीला जास्त उष्णता लागलेली नाही. तो वर्तुळाइतकाच गडद झाला असेल तर ती कुपी वापरायची नसते. हे चिन्ह फक्त उष्णतेची नोंद घेते, लस गोठली होती का हे त्यावरून कळत नाही. ही कुपी दाखवा असे पालकांनी सांगण्यात गैर काही नाही.

दुसरी गोष्ट टोचल्यानंतरच्या अर्ध्या तासाची. तीव्र ॲलर्जी फार क्वचित होते, पण झाली तर बहुधा काही मिनिटांतच दिसते. त्यामुळे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाताशी असलेल्या आणि बाळाला अर्धा तास थांबवून घेणाऱ्या ठिकाणीच लस द्यावी. छोट्या दवाखान्यांत बीसीजीसाठी ठरावीक वार का असतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. ही लस अनेक डोसांच्या कुपीत येते आणि एकदा मिसळली की चार तासांत संपवावी किंवा टाकून द्यावी लागते. म्हणून तेवढी बाळे एकाच दिवशी बोलावतात. कधीही गेले तरी उघडलेल्या कुपीतून बीसीजी मिळत असेल, तर ती कुपी कधी उघडली हे विचारलेच पाहिजे.

खाजगी दवाखान्यांत ‘न दुखणारी’ म्हणून जी लस मिळते, तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक घटक असतात. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये संपूर्ण मृत जंतू असतो. निवडक घटकांच्या लसीने ताप आणि मांडीची सूज कमी येते, पण तिचे संरक्षण तुलनेने लवकर ओसरते. म्हणजे महाग लस बाळाला त्रास कमी देते, एवढाच त्या जादा पैशांचा अर्थ. सरकारी लस कमी दर्जाची आहे असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

तापाचे गणित वेगळे आहे. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला तर ते बाळ डॉक्टरने तपासलेच पाहिजे. पहिल्या 28 दिवसांत तर हा ताप रुग्णालयाचाच विषय असतो. या वयात रोगप्रतिकारशक्ती अपुरी असते आणि जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत लवकर पोहोचू शकतात. शिवाय मोठे मूल घसा दुखतो, लघवीला जळजळते असे सांगते. तान्ह्या बाळात मूत्रमार्गाचा गंभीर संसर्गही नुसत्या तापाच्या रूपात दिसतो. वरून तपासून किरकोळ ताप आणि जंतुसंसर्ग यांत फरक करणे अनुभवी डॉक्टरलाही नेहमी जमत नाही, म्हणून तपासण्या कराव्या लागतात.

ताप हाताने अजमावू नये. डिजिटल थर्मामीटरचे टोक काखेच्या मध्यभागी ठेवून दंड अंगाशी धरावा आणि आवाज होईपर्यंत थांबावे. काखेतले माप शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी येते. त्यामुळे अगदी लहान बाळाच्या काखेत 99.5 अंश फॅरनहाइटच्या पुढे आकडा गेला तरी लक्ष ठेवावे आणि डॉक्टरला कळवावे. टोपडे, झबले आणि दोन दुपट्यांत गुंडाळलेले बाळ उन्हाळ्यात नुसत्या उबेनेही तापते. जादा कपडे काढून पाव ते अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. पण पहिल्याच मोजणीत 100.4 भरला असेल तर नंतर तो उतरला तरीही डॉक्टरशी बोलावे.

एकच आकडा दोन बाळांत किती वेगळा ठरतो हे उदाहरणाने स्पष्ट होते. दीड महिन्याच्या, साडेचार किलो वजनाच्या एका बाळाला सकाळी पेंटाव्हॅलंट दिली आहे. रात्री नऊला काखेत 100.6 ताप आहे, डावी मांडी थोडी लाल आणि कडक झाली आहे, पण बाळ नेहमीसारखे अंगावर पीत आहे, रडणे जोरकस आहे, लघवी होत आहे. पेंटाव्हॅलंटचा ताप बहुधा त्याच दिवशी येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो, त्यामुळे इथे लस हेच संभाव्य कारण आहे. तरीही बाळ तीन महिन्यांच्या आतले असल्यामुळे डॉक्टरला फोन करणे आवश्यक आहे. बाळ लगेच तपासायचे की पॅरासिटामॉल देऊन सकाळी, हे त्या बोलण्यावरून डॉक्टर ठरवतात. ताप 48 तासांच्या पुढे गेला तर लसीला दोष देणे थांबवून लघवी आणि रक्त तपासावे लागते.

दुसरे बाळ वीस दिवसांचे आहे. लस दिलेली नाही, ताप तोच 100.6 आहे आणि संध्याकाळपासून ते कमी पीत आहे. इथे सकाळची वाट पाहायची नसते. नवजात बाळांना भरती करून घेणाऱ्या रुग्णालयात त्याच रात्री नेल्यावर रक्ताचे कल्चर, नळी घालून घेतलेली लघवी आणि बहुधा पाठीच्या मणक्यातले पाणी तपासतात. नमुने घेतल्यावर लगेच शिरेतून प्रतिजैविके सुरू होतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. दवाखान्यात आधीच प्रतिजैविकाचे औषध पाजले गेले, तर कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. मग मेंदूज्वर होता की नव्हता आणि उपचार किती दिवस द्यायचे, हे ठरवणे अवघड होऊन बसते.

पॅरासिटामॉलमध्ये होणारी सर्वांत धोक्याची चूक तीव्रतेची असते. मात्रा वजनावर ठरते, एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. साडेचार किलोच्या बाळाला 50 मिलिग्रॅम पुरतात. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असते, म्हणून अर्धा मिलिलिटर द्यायचे. सिरपच्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असते, म्हणून दोन मिलिलिटर. सिरपचे दोन मिलिलिटर लक्षात ठेवून ते थेंबांच्या बाटलीतून दिले गेले, तर 200 मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध पोटात जाते. चिठ्ठीवर मिलिलिटरबरोबर बाटलीची तीव्रताही लिहून घ्यावी. दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे. तीन महिन्यांखालच्या बाळाला हे औषध डॉक्टरशी बोलल्याशिवाय देऊ नये, आणि लस टोचण्याआधी खबरदारी म्हणूनही पाजू नये.

काही खुणा थर्मामीटरपेक्षा जास्त बोलतात. दूध ओढणे बंद होणे, मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, झटके, हलवल्याशिवाय हालचाल न होणे आणि अंग थंड पडणे या त्या खुणा. गंभीर संसर्गात नवजात बाळाला ताप येण्याऐवजी त्याचे अंग गार पडू शकते. अशा खुणा घरीच ओळखता येतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत दाखवून दिले. त्यांनी शिकवलेल्या गावातल्या स्त्रिया घरोघरी जाऊन आजारी बाळ ओळखत आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. 1999 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज आशा कार्यकर्ती बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, तिच्या कामामागे हाच अनुभव आहे.

यावरून निवडीचे सूत्र ठरवता येते. लसी जवळच्या सरकारी केंद्रात किंवा नीट साठवण असलेल्या फॅमिली डॉक्टरकडे द्याव्यात. पहिल्या तीन महिन्यांतल्या तापासाठी मात्र बालरोगतज्ज्ञ आणि रात्री नवजात बाळ दाखल करून घेणारे रुग्णालय, दोन्ही आधीच ठरवून ठेवावे. बाळंतपण माहेरी झाले असेल तर ही चौकशी माहेरच्या गावात करावी लागते, कारण हे तीन महिने बहुधा तिथेच जातात. सासरी परतताना लसीकरणाचे कार्ड बरोबर हवे, नाहीतर चौदाव्या आठवड्याला कोणते डोस झाले याचा पुरावा राहत नाही. तीन महिन्यांनंतर, लसी वेळेवर झालेल्या आणि खेळत्या बाळाचा एक-दोन दिवसांचा ताप फॅमिली डॉक्टर उत्तम हाताळू शकतो. फक्त ताप तीन दिवसांपुढे गेला, कारण सापडत नसले किंवा वरच्यांपैकी एखादी खूण दिसली, तर त्याने बाळाला वेळेत बालरोगतज्ज्ञाकडे पाठवले पाहिजे.