चार आणि पाच यांतला ‘च’

‘चार’ म्हणा आणि पाठोपाठ ‘पाच’ म्हणा. दोन्ही शब्दांत अक्षर एकच, ‘च’. पण जिभेकडे लक्ष ठेवून पुन्हा म्हणून पाहा. ‘चार’ म्हणताना जिभेचा पसरट पुढचा भाग वर टाळूला लागतो. ‘पाच’ म्हणताना जिभेचं टोक पुढे सरकतं आणि वरच्या दातांमागे, हिरडीजवळ टेकतं. मराठी बोलणारा माणूस दिवसभर हे दोन ‘च’ न चुकता वापरतो, पण लिपी एकच असल्यामुळे ते दोन आहेत हे त्याच्या सहसा लक्षात येत नाही. व्यंजनं तोंडात कशी घडतात हे समजून घ्यायला मराठी माणसासाठी या जोडीइतकं सोयीचं उदाहरण नाही.

कुठलंही व्यंजन घडतं ते फुप्फुसातून येणाऱ्या हवेला वाटेत अडवून. म्हणून प्रत्येक व्यंजनाबद्दल दोन मुख्य प्रश्न विचारायचे: हवा कुठे अडवली आणि कशी अडवली? पहिल्याचं उत्तर म्हणजे स्थान, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे प्रयत्न. हे दोन्ही शब्द आपल्या प्राचीन व्याकरणपरंपरेतले आहेत आणि वर्णमालेची मांडणीही त्यांच्यावरच बेतलेली आहे. ‘क, च, ट, त, प’ सावकाश म्हटलं की अडवण्याची जागा घशाकडून ओठांकडे येताना जाणवते. ‘क’ला जिभेची मागची बाजू मऊ टाळूला लागते, ‘ट’ला टोक वर वळतं, ‘त’ला ते दातांना भिडतं आणि ‘प’ला जिभेचं कामच नसतं, ओठ मिटतात.

आता ‘कशी’ हा प्रश्न. ‘त’ म्हणताना हवा पूर्ण कोंडली जाते आणि मग एकदम सुटते. म्हणून ‘त’ लांबवता येत नाही. लांबवायला गेलं तर पुढचा स्वरच लांबतो. ‘स’चं तसं नाही. तिथे जीभ वाट बंद करत नाही, एक अरुंद फट ठेवते आणि त्या फटीतून हवा घासत जाते. श्वास पुरेल तोवर ‘स्स्स्’ चालू ठेवता येतं. ‘त’सारख्यांना स्पर्श म्हणतात आणि ‘स’सारख्यांना घर्षक. ‘म’ची तऱ्हा आणखी निराळी. ओठ ‘ब’सारखेच मिटलेले असतात, पण मागे मऊ टाळू खाली येतो आणि हवा नाकावाटे जाते. सर्दीने नाक चोंदलं की ती वाट बंद होते, म्हणून ‘मामा’ची ‘बाबा’ होते.

मग ‘च’ कुठे बसतो? स्पर्शातही आणि घर्षकातही. आधी हवा पूर्ण कोंडली जाते, पण ती एकदम सुटत नाही. जीभ किंचितच मागे हटते, बारीक फट उरते आणि तिच्यातून हवा घासत बाहेर पडते. अशा ध्वनीला अर्धस्पर्श म्हणतात. ‘च’चं सुरुवातीचं कोंडणं लांबवून काही ऐकू येत नाही, मात्र शेपटी लांबवता येते, आणि दोन ‘च’ ओळखायची खूण या शेपटीतच आहे. ‘चार’मधला ‘च’ ताणला की ‘श्श्श्’ ऐकू येतं. ‘पाच’मधला ताणला की ‘स्स्स्’ ऐकू येतं. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. कान फसतोय असं वाटलं तर जिभेला विचारा: ‘श’ म्हणता म्हणता थांबा, जीभ न हलवता तोंडाने झटकन श्वास आत ओढा. जिथे गार लागेल तिथे फट आहे. ‘स’ला हेच केलं तर गारवा आणखी पुढे, दातांच्या अगदी मागे लागतो. ‘ज’ आणि ‘झ’चेही असेच दोन प्रकार आहेत. ‘सारं जग’ मधला ‘ज’ तालव्य आहे, ‘सुखाने जग’ मधला दंततालव्य.

हा फरक कसाही, कुठेही होत नाही. ‘माझा’ म्हणा, मग ‘माझी’ म्हणा. ‘चमचा’ म्हणा, मग ‘चमचे’ म्हणा. ‘माझा’ आणि ‘चमचा’ यांच्या शेवटच्या व्यंजनाला जीभ दातांमागे असते. पुढे ‘ई’ किंवा ‘ए’ आला की ती टाळूवर जाते. कारण साधं आहे. ‘ई’ आणि ‘ए’ हे स्वर म्हणायला जिभेचा पुढचा भाग टाळूकडे उचलावा लागतो, आणि ती तयारी जीभ आधीच्या व्यंजनातच करून टाकते. म्हणूनच पुस्तकी ‘माझे’मध्ये ‘झ’ तालव्य आहे आणि बोलण्यातल्या ‘माझं’मध्ये दंततालव्य. जिभेची हीच ओढ ‘म्हैस’ आणि ‘म्हशी’ या जोडीतही दिसते: ‘ई’ आली आणि ‘स’चा ‘श’ झाला. तिथे दोन वेगळी अक्षरं असल्यामुळे बदल लिहिला जातो. ‘च’ला दुसरं अक्षर नाही, म्हणून तो लिहिला जात नाही.

‘इ’, ‘ई’, ‘ए’ पुढे असतील तर प्रमाण मराठीत तालव्य, हा भाग असा सरळ आहे. इतर स्वरांपुढे मात्र शब्दाचं मूळ पाहावं लागतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तालव्य राहिले: चंद्र, चरण, जन. मराठीत घडत आलेले शब्द बहुधा दंततालव्य झाले: चाक, चोर, चूक, चरणे. फारसीतून ‘बाजार’, ‘जमीन’, ‘हजार’ आले. त्यांच्यातला मूळ ध्वनी निव्वळ घर्षक होता, त्याला सर्वांत जवळचा म्हणून मराठीने दंततालव्य ‘ज’ दिला. इंग्रजीतून आलेलं ‘चॉकलेट’ तालव्यच राहिलं. अपवादही आहेत, आणि ‘चार’ हा त्यातलाच एक: शब्द घरचा, पण ‘च’ तालव्य. ‘चिंच’ या एकाच शब्दात तर दोन्ही ‘च’ नांदतात, पहिला टाळूवरचा आणि दुसरा दातांमागचा.

मराठीचं हे वेगळेपण अगदीच एकटं नाही. कोकणीत दोन्ही ‘च’ आहेत. तेलुगूतही आहेत आणि तिथे दातांमागच्या ध्वनींसाठी स्वतंत्र चिन्हंसुद्धा आहेत, रोजच्या लिखाणात ती क्वचित दिसत असली तरी. प्रमाण हिंदीत मात्र ‘च’ एकच, तालव्य. त्यामुळे हिंदीभाषक मराठी शिकतो तेव्हा ‘चाक’ आणि ‘माझा’ या शब्दांवर लगेच ओळखू येतो. त्याला नुसतं ‘नीट म्हण’ सांगून उपयोग होत नाही, कारण त्याच्या कानाला हा फरक पकडायची सवयच नसते.

तुमच्या घरी, वर्गात किंवा कार्यालयात कोणी मराठी शिकत असेल, तर त्याला जिभेची जागा सांगा. आधी ‘त’ म्हणायला लावा, मग ‘स’, मग दोन्ही जोडून ‘त्स’, आणि त्यानंतर ‘पाच’. ‘द’पासून सुरुवात करून शेपटी घोष ठेवली की ‘सुखाने जग’मधला ‘ज’ही याच वाटेने येतो. त्यानंतर ‘माझा, माझी’ आणि ‘चमचा, चमचे’ या जोड्या पुन्हा पुन्हा म्हणायला लावा, कारण नियम त्यांच्यात आपोआप येतो. उरलेले शब्द मात्र एकेक करून ऐकून शिकावे लागतात, तेव्हा सुरुवातीला त्याच्या वहीत दंततालव्य अक्षरांखाली एक टिंब देत चला.