सकाळची कंबर वेगळी असते

दिवाळीच्या पहाटे वणीत घरोघरी तीन गोष्टी ओळीने होतात. अंथरुणातून उठून अंगणात सडा पडतो, वाकून रांगोळी काढली जाते, मग अभ्यंगासाठी पाटावर बसणं होतं. तिन्ही कामांत कंबर पुढे वाकते, आणि तीही उठल्यावरच्या पहिल्याच तासात. वर्षभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाची पाठ नेमकी याच वेळी धरते.

त्यामागे साधं कारण आहे. दोन मणक्यांच्या मध्ये पाणी धरून ठेवणारी गादी असते. दिवसभर अंगाच्या भाराने तिच्यातलं पाणी थोडं थोडं बाहेर पडतं आणि रात्री आडवं झाल्यावर ते परत शोषलं जातं. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सुमारे दीड सेंटिमीटरने जास्त भरते. फुगलेली गादी घट्ट असते, त्यामुळे वाकताना तिच्यावर आणि मागच्या स्नायुबंधांवर कितीतरी जास्त ताण येतो. वाढलेल्या उंचीपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या तासाभरात ओसरते. अमेरिकेत स्नूक आणि सहकाऱ्यांनी जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळी लवकर पुढे वाकणं टाळायला शिकवलं, तेव्हा त्यांच्या दुखण्यात घट झाली. हा अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला.

म्हणून ताणाचे व्यायाम कोणते करायचे याइतकंच ते कोणत्या क्रमाने करायचे हेही पाहावं लागतं. उठल्याउठल्या पायाचे अंगठे धरणं सगळ्यांत आधी सोडायचं.

सकाळचा क्रम

समजा, वणीतल्या एखाद्या पतसंस्थेत दिवसभर संगणकावर हिशेब बघणारी व्यक्ती सहाला उठते. तिने पलंगावरच पावलं दहा वेळा वर-खाली हलवावीत. मग कुशीवर वळून, हाताच्या आधाराने उठून बसावं. दात घासताना एक हात बेसिनवर टेकवावा आणि गुडघे थोडे सैल सोडावेत. पुढची पंधरा-वीस मिनिटं चहा ठेवणं, दूध आणणं अशी चालती-फिरती कामं करावीत. ताण त्यानंतर द्यायचा.

वेळ श्वासाने मोजावी. चार अंकांत श्वास आत, सहा अंकांत बाहेर. असे तीन श्वास म्हणजे अर्धं मिनिट, प्रत्येक ताणाला तेवढं पुरतं. झटके द्यायचे नाहीत. श्वास अडला, दात आवळले गेले, तर ताण जास्त झाला असं समजून थोडं मागे यायचं.

आधी दाराच्या चौकटीत उभं राहून दोन्ही कोपरं खांद्याच्या उंचीवर चौकटीला टेकवावीत आणि एक पाऊल पुढे टाकावं. छाती उघडते. खुर्चीत पुढे ओघळलेल्या खांद्यांना हाच ताण हवा असतो. मग मान एका बाजूला, कान खांद्याकडे, तीन श्वास. नंतर दुसरी बाजू.

पुढे सतरंजीवर. हात-गुडघे टेकवून मार्जारासन करावं, पण पाठ अगदी थोडीच वर-खाली, श्वासाच्या लयीत सहा वेळा. मग एक गुडघा उशीवर टेकवून दुसरं पाऊल पुढे ठेवावं. मागच्या बाजूचा नितंब आवळून शरीर किंचित पुढे न्यावं. ताण जांघेच्या पुढच्या भागात यायला हवा. दिवसभर बसून आखडतो तो हाच स्नायू. कमरेत कळ आली, तर कंबर मागे वाकली आहे असं समजावं. शेवटी पाठीवर झोपून तळपायाभोवती पंचा अडकवून एक पाय वर घ्यावा, गुडघा थोडा वाकलेला चालेल. मांडीची मागची बाजू ताणली जाते आणि कंबर जमिनीवर सुरक्षित राहते.

पाठ दुखत असेल तर

ताण देताना दुखणं कुठे सरकतं याकडे लक्ष ठेवावं. ते पायाकडून कमरेकडे आकसत आलं तर ती हालचाल बहुधा मानवते. ते कमरेतून मांडीत, पोटरीत उतरू लागलं किंवा मुंग्या आल्या तर ती हालचाल तिथेच थांबवावी. हाडं ठिसूळ असलेल्यांनी पुढे वाकण्याचे ताण करूच नयेत. तरुण वयात सकाळचा आखडलेपणा रोज अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, विश्रांतीने वाढत आणि हालचालीने कमी होत असेल, तर संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवावं.

लघवी किंवा शौचावर ताबा न राहणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, चालताना पायातली चप्पल निसटणं, पाठदुखीसोबत ताप असणं किंवा पडल्यावर पाठ दुखू लागणं, यांपैकी काहीही असलं तर व्यायाम करत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

आणि यंदा रांगोळी काढताना कमरेतून वाकून उभं राहू नका. बुटका पाट घ्या, त्यावर बसून एक हात जमिनीला टेकवा आणि पाठ शक्य तितकी सरळ ठेवा. त्याआधी अंगणात थोडं फिरून आलात, तर तेवढ्या वेळात गादीतलं पाणीही थोडं उतरलेलं असेल.