पावणेपाचला मागितलेले पाणी

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरच्या डाव्या हातमोज्यावर बॉलपेनने लिहिलेले असते: ‘५.४० उ. हात-पाय, बोबडे. ४.४५ पाणी. ५४–डी२५–१४२. १९०/१००, १७८/९६. शुगर गोळ्या.’ हलत्या गाडीत एका हाताने शीर धरून दुसऱ्याने लिहायचे, तर याहून जास्त लिहिता येत नाही. पण कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर हा मोजा काढून कचऱ्यात जातो. त्याआधी त्यावरच्या आकड्यांचे मिनिटभरात सांगता येईल असे निवेदन व्हायला हवे.

हे उदाहरण मी रचलेले आहे, पण असे रुग्ण १०८ च्या गाडीत नेहमी येतात. ६२ वर्षांचे गृहस्थ, मधुमेही. पहाटे ५.४० ला पत्नीला दिसले की उजवा हात-पाय उचलत नाही आणि शब्द नीट फुटत नाहीत. गाडी ६.१२ ला दारात आली आणि ७.२० ला रुग्णालयात पोहोचली.

पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हे तास मोजायचे कुठून? रुग्ण ‘सापडला’ तेव्हापासून नव्हे, तर तो शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. ‘केव्हापासून झालं?’ असे विचारले तर घरचे ‘सकाळपासून’ म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. ‘शेवटचे नीट बोलले-चालले केव्हा?’ असे विचारल्यावर पत्नीला आठवले: पहाटे पावणेपाचला उठले, पाणी मागितले, स्वतः तांब्या उचलून प्यायले आणि परत झोपले.

आता हिशेब करून पाहा. ५.४० ही वेळ धरली तर मुदत १०.१० पर्यंत जाते, म्हणजे ती ५५ मिनिटांनी खोटीच लांबते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. ‘रात्री दहाला झोपले तेव्हा बरे होते’ एवढेच लिहिले तर मुदत रात्री अडीचलाच संपलेली दिसते. ४.४५ धरली तर ९.१५ पर्यंत वेळ आहे, ७.२० ला अजून जवळपास दोन तास हातात आहेत. काही मोठ्या रुग्णालयांत एमआरआय पाहून उशिरानेही निर्णय घेता येतो, पण ती सोय सगळीकडे नाही. मोज्यावरचा ‘४.४५ पाणी’ हा तुकडा म्हणूनच सर्वांत मोलाचा. तो लिहिणाऱ्याला कळतो, वाचणाऱ्याला मात्र कोड्यासारखा वाटतो.

दुसरी गोम साखरेत आहे. रक्तातली साखर फार उतरली तरी हात लुळा पडू शकतो, जीभ अडखळू शकते. म्हणून गाडीत आधी साखर तपासली. ती ५४ निघाली. शिरेतून डेक्स्ट्रोज दिल्यावर ती १४२ झाली, पण हात तसाच राहिला. साखर चढूनही लुळेपणा न हटणे, हा पक्षाघाताच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. निवेदनात फक्त ‘साखर १४२’ आले तर हा पुरावा हरवतो. शिवाय ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा अंमल लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते, आणि ते तपासायचे रुग्णालयात कोणाला सुचणार नाही. मोज्यावर या आकड्यांच्या वेळा नाहीत. बहुतेक ग्लुकोमीटर प्रत्येक आकडा वेळेसह साठवतात. तिथून त्या घ्यायच्या, मात्र यंत्राचे घड्याळ मोबाइलशी ताडून. दोन घड्याळांत दहा मिनिटांचा फरक असला तर औषध आधी आणि तपासणी नंतर असा उलटा क्रम कागदावर उतरतो.

मग सारे काळानुसार लावायचे, आणि पाहिलेले, ऐकलेले व केलेले वेगळे ओळखू येईल असे सांगायचे:

‘वय ६२, पुरुष. पत्नीच्या सांगण्यानुसार ४.४५ ला नीट बोलले, ५.४० ला उजवा हात-पाय लुळा, बोलणे अस्पष्ट. ६.१८ ला साखर ५४. ६.२२ ला २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून. ६.३५ ला साखर १४२, लुळेपणा कायम. रक्तदाब ६.१५ ला १९०/१००, ६.५० ला १७८/९६. त्यासाठी औषध दिलेले नाही. नाडी ९६, अनियमित. ग्लिमेपिराइड चालू. रक्त पातळ करणारी गोळी औषधांच्या पिशवीत नाही, पत्नीही नाही म्हणते. पत्नी सोबत आहे.’

यातले दोन नकार मुद्दाम ठेवले आहेत. रक्तदाब १८५/११० च्या वर असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देत नाहीत. इथे तो औषधाविना उतरला, हे समजायला हवे. आणि गोळी ‘नाही’ म्हणजे विचारून, पिशवी पाहून नाही. विचारलेच नसेल तर ‘विचारले नाही’ असेच सांगावे. रिकामी जागा ‘नाही’ म्हणून वाचली जाते. गाडी किती वेगाने आली, वाटेत गर्दी किती होती, हे सारे वगळायचे.

घरात कोणाचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर १०८ ला फोन करा आणि ती व्यक्ती शेवटची ठीक कधी दिसली ती वेळ कागदावर लिहून ठेवा. गोळ्यांची पिशवी सोबत द्या, आणि ज्याने तिला शेवटचे ठीक पाहिले त्यालाच गाडीत बसवा.